पाच सूर आणि ताणलेली तार

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘द वॉल’ हा अल्बम ३० नोव्हेंबर १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातल्या ‘कम्फर्टेबली नम’ या गाण्यात डेव्हिड गिलमोरचे दोन गिटार सोलो आहेत. पहिला मधे येतो. दुसरा गाण्याच्या शेवटी सुरू होतो आणि तो चालू असतानाच आवाज विरत जाऊन गाणं संपतं. रॉक ऐकणाऱ्या माणसाला हा दुसरा सोलो बहुधा पाठ असतो. गिटार हातात नसतानाही तो गुणगुणता येतो, आणि त्याचा अभ्यास इथूनच सुरू करावा असं मला वाटतं. जो सोलो गळ्यातून निघू शकतो, तो बोटांच्या वेगावर उभा नसतो. मग तो कशावर उभा असतो, हे या एकाच सोलोच्या आधाराने उलगडून पाहता येतं.

पाच सुरांचं घर

दुसऱ्या सोलोचा पाया बी मायनर पेंटॅटॉनिक हा आहे. पेंटॅटॉनिक म्हणजे पाच सुरांची सप्तकरचना. इथले पाच सूर आहेत बी, डी, ई, एफ शार्प आणि ए. ‘बी’ला षड्ज मानलं तर हेच सूर सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी असे होतात. आपल्याकडे धानी रागाचे सूर हेच. रागाचं चलन, त्यातल्या ठरलेल्या जागा हा वेगळा विषय झाला, पण नुसती स्वरावली पाहिली तर ती तंतोतंत जुळते.

गिटारवर हे पाच सूर शोधणं फार सोपं असतं आणि रॉकमध्ये ही स्वरावली इतकी रुजली त्याचं ते एक मोठं कारण आहे. पहिलं बोट सातव्या फ्रेटवर ठेवलं की सहाही तारांवर प्रत्येकी दोन सूर मिळतात. बाहेरच्या दोन तारांवर आणि दुसऱ्या तारेवर सातवा आणि दहावा फ्रेट, मधल्या तीन तारांवर सातवा आणि नववा. हात जागेवरून न हलवता दोन सप्तकांहून थोडा जास्त पल्ला हाताखाली येतो. गिटार शिकणारे याला ‘बॉक्स’ म्हणतात. हाच चौकोन खालीवर सरकवला की दुसऱ्या कुठल्याही पट्टीत तो तसाच चालतो.

या स्वरावलीत एकही अर्धस्वराचं अंतर नाही. लगतच्या कुठल्याही दोन सुरांमध्ये किमान एक पूर्ण स्वर अंतर आहे. त्यामुळे साथीच्या कॉर्डवर यातला कुठलाही सूर सहसा टोचत नाही. नवशिक्याला याचा आधार मिळतो, पण धोकाही इथेच असतो. काहीही वाजवलं तरी चुकीचं वाटत नाही, म्हणून बोटं बॉक्समध्ये वरखाली फिरत राहतात आणि कुठेच पोचत नाहीत. सूर बरोबर असूनही वाक्य होत नाही. असा सोलो ओळखण्याची खूण सोपी आहे: तो मधेच कुठेही थांबवला तरी काही राहून गेलं असं वाटत नाही.

एकच सूर, बदलणारा अर्थ

दुसऱ्या सोलोखाली चालणारे कॉर्ड गाण्याच्या कडव्याचेच आहेत: बी मायनर, ए, जी, ई मायनर आणि पुन्हा बी मायनर. वरची स्वरावली तीच राहते, खालची जमीन मात्र बदलत जाते. चांगला वादक इथे काय करतो ते पाहण्यासाठी एकच सूर हातात धरू या. डी हा सूर घेऊ.

बी मायनर कॉर्ड वाजत असताना डी म्हणजे त्याचा कोमल गंधार. मायनरचा सगळा उदासपणा त्यातच आहे. कॉर्ड बदलून जी झाला की तोच डी त्या कॉर्डचा पंचम होतो आणि एकदम स्थिर, भरीव वाटायला लागतो. ए कॉर्ड आला की चित्र पुन्हा बदलतं. त्या कॉर्डचे सूर आहेत ए, सी शार्प आणि ई. डी त्यात नाही. तो सी शार्पपासून अर्ध्या स्वरावर लटकलेला असतो आणि त्याला कुठेतरी उतरायचं असतं. तिथे थांबलं तर ताण तयार होतो, ई किंवा एवर गेलं तर तो सुटतो. बोट तिन्ही वेळा त्याच फ्रेटवर असतं, पण ऐकणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात.

म्हणून सोलो बांधताना खरा विचार शेवटच्या सुराचा असतो. वाक्य कुठून सुरू झालं याला फार महत्त्व नाही. ते ज्या क्षणी थांबतं त्या क्षणी खाली कोणता कॉर्ड आहे आणि थांबलेला सूर त्या कॉर्डचा कोण लागतो, यावर ते पूर्ण झालं की अर्धवट राहिलं हे ठरतं. जीवर थांबायचं असेल तर बी किंवा डी, एवर ए किंवा ई, ई मायनरवर ई किंवा बी. हे सगळे सूर त्या पाचांतच आहेत. पाच सुरांत हार्मनी वाजवणं म्हणतात ते हेच.

पहिल्या सोलोचा पायाही याच घरातला आहे. त्याची पट्टी डी मेजर आहे. डी मेजर पेंटॅटॉनिकचे सूर म्हणजे डी, ई, एफ शार्प, ए आणि बी, तेच पाच. षड्ज ‘बी’वरून ‘डी’वर नेला की धानीची भूप होते. मूर्च्छना ही कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच पटेल. पहिला सोलो उजेडात वाजतोय असं वाटतं आणि दुसरा काळोखात. आणि दोन्हींमागचे पाच सूर एकच आहेत. फरक आहे तो विसाव्याच्या जागांचा आणि खालच्या कॉर्डचा.

तार किती ताणायची

पियानोसारखंच गिटारच्या फ्रेटनीही सूर आधीच ठरवून दिलेले असतात. एका सप्तकाचे बारा कप्पे, आणि दोन कप्प्यांच्या मधलं काही नाही. माणसाचा गळा असा कप्प्याकप्प्याने चालत नाही. गिटारला गळ्याजवळ नेणारी क्रिया म्हणजे बेंड: फ्रेटवर दाबलेली तार आडवी ढकलायची किंवा ओढायची, म्हणजे तिचा ताण वाढतो आणि सूर सरकत वर चढतो. सतारीची मींड हीच. सतारीच्या पडद्यांची कमान आणि मोठी रुंदी यामुळे वादक एकाच पडद्यावरून चार-पाच सूर ओढून घेऊ शकतो. गिटारची पाटी अरुंद आणि तारा जवळजवळ, त्यामुळे नेहमीचा बेंड एका स्वराचा, कधी दीड स्वराचा. गिलमोर मात्र याहूनही पुढे जातो. त्याच अल्बमच्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागातल्या सोलोत तो एकदा ताणलेली तार न सोडता पुन्हा ताणतो, आणि एकाच झंकारातून चढत जाणारे सूर काढतो.

या क्रियेचं गणित समजून घेण्यासारखं आहे. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एक पूर्ण स्वर वर जायला कंपनसंख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढावी लागते, आणि त्यासाठी ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. नेहमीच्या दहा नंबरच्या सेटमध्ये तिसऱ्या तारेवर साधारण साडेसात किलोचा ताण असतो. एका स्वराच्या बेंडसाठी तो साडेनऊच्या आसपास न्यायचा, आणि तोही अचूक. थोडा कमी पडला तर सूर कणसूर होतो.

जुन्या सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली आणि जाड असे. ती ताणणं अवघड होतं, म्हणून जेम्स बर्टनसारखे अमेरिकन वादक १९५० च्या दशकात गिटारवर बँजोची बारीक तार चढवायचे. पुढे १९६० च्या दशकात अर्नी बॉलने बारीक तारांचे तयार सेट बाजारात आणले. रॉक सोलोचा आवाज ज्याला आपण म्हणतो, त्यात या बारीक, न गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा मोठा वाटा आहे.

आता हातात गिटार घेऊन एक बेंड पाहू. तिसऱ्या तारेचा नववा फ्रेट म्हणजे ई, कंपनसंख्या सुमारे ३३०. तो ताणून एफ शार्पवर, म्हणजे ३७० वर न्यायचा आहे. तारेवर अनामिका ठेवायची, पण एकटी नाही. तिच्यामागे त्याच तारेवर मधलं बोट आणि तर्जनीही हवी. अंगठा पाटीच्या वरच्या कडेवरून डोकावू द्यायचा आणि तर्जनीचं मूळ पाटीच्या खालच्या कडेला टेकवायचं. मग बोटं न वळवता मनगट आणि कोपरापुढचा हात फिरवायचा, कुलपात किल्ली फिरवावी तसा. बोटांच्या जोरावर ताणलेला बेंड थकतो आणि थरथरतो. हात फिरवून केलेला बेंड जागेवर थांबतो.

तो नेमका पोचला की नाही हे तपासायची सोयही याच जागी आहे. दुसऱ्या तारेचा सातवा फ्रेट हा नेमका तोच एफ शार्प आहे. तर्जनीने तो दाबायचा आणि तिसरी तार मधलं बोट व अनामिकेने ताणत दोन्ही तारा एकत्र छेडायच्या. बेंड कमी असेल तर दोन सुरांची घासाघीस ऐकू येते, आवाज डोलतो. समजा बेंड ३६६ वर अडकला, तर आवाज सेकंदाला चार वेळा मोठा-लहान होतो. जसजसे जवळ जाल तसं डोलणं मंदावतं आणि सूर जुळला की थांबतं. कानाची यापेक्षा प्रामाणिक परीक्षा मला माहीत नाही. नवशिक्यांचे बेंड बहुतेक वेळा खालीच राहतात, कारण बोट दुखायला लागलं की आपण पोचलो असं वाटतं.

बिघाडाच्या आणखी दोन जागा आहेत. पहिली म्हणजे शेजारच्या तारा. ताणलेली तार शेजारणीला धक्का देते आणि बेंड सोडताना ती झणझणते. तर्जनीच्या टोकाने वरची तार आणि उजव्या तळव्याच्या कडेने खालच्या जाड तारा गप्प ठेवाव्या लागतात. अँपचा आवाज विकृत आणि मोठा असेल तेव्हा हे शांत ठेवणं वाजवण्याइतकंच महत्त्वाचं होतं. दुसरी अडचण वाद्याचीच असते. जुन्या फेंडर गिटारींची पाटी बरीच गोलाकार असते. वरच्या फ्रेटवर पहिली तार ताणली की ती पाटीच्या उंचवट्याकडे सरकते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि आवाज मधेच गुदमरतो. तिथे दोष हाताचा नसतो. तारा किंचित उचलाव्या लागतात.

बेंडची दिशा नेहमी वर असते. तार ढिली करून सूर खाली आणता येत नाही. म्हणून सूर वरून खाली सरकवायचा असेल तर तार आधी ताणून ठेवायची, मग छेडायची, आणि मग सोडायची. ऐकणाऱ्याला चढ ऐकूच येत नाही, फक्त उसाशासारखा उतार ऐकू येतो. आणखी एक बारीक प्रकार ब्लूजमधून आला: कोमल गंधाराला अर्ध्या स्वरापर्यंत न नेता त्याला जेमतेम हलवायचं, कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी. पियानोवर हा सूरच नाही.

सूर टिकला तर हलेल

हे सगळं ऐकू येण्यासाठी सूर टिकायला हवा. साध्या गिटारची तार छेडली की आवाज झपाट्याने विरतो. बेंड वर पोचेपर्यंत सांगायला काही उरत नाही. अँप किंवा पेडलने आवाज इतका वाढवला की लाटेची टोकं कापली जातात, तेव्हा एक उपयोगी गोष्ट होते: तार मंदावत गेली तरी कापलेल्या लाटेची उंची बराच वेळ तेवढीच राहते, आणि सूर व्हायोलिनसारखा लांबतो. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनने लेस पॉल गिटार आणि मार्शल अँप मोठ्या आवाजात वाजवून ही गोष्ट रेकॉर्डवर दाखवून दिली. गिलमोरच्या दुसऱ्या सोलोतही फझ पेडलमुळे लांबलेला, दाट आवाज आहे. म्हणून तो सूर धरून ठेवू शकतो.

धरलेल्या सुराचं पुढे काय करायचं याचं उत्तर म्हणजे व्हायब्रॅटो. रॉक गिटारवर तो बेंडचाच धाकटा भाऊ आहे: तार थोडी ताणायची, सोडायची, पुन्हा ताणायची, एका लयीत. अमेरिकन ब्लूज वादक बी. बी. किंग यांना त्यांचे नातेवाईक बुका व्हाइट यांच्या स्लाइड गिटारचा आवाज आवडत असे. स्लाइड हातात बसेना म्हणून तो आवाज बोटांनी काढण्याच्या प्रयत्नात त्यांचा हलता हात तयार झाला. तर्जनी तारेवर, बाकीचा पंजा पाटीपासून मोकळा आणि पूर्ण मनगट हलणारं. ब्रिटनच्या पुढच्या पिढीने हा हात रेकॉर्ड ऐकून उचलला.

दाबलेल्या साध्या सुरावर व्हायब्रॅटो सुराच्या वर जातो आणि मूळ जागी परततो. बेंड केलेल्या सुरावर याच्या उलट घडतं. तिथे तार आधीच ताणलेली आहे, म्हणून हात किंचित सैल सोडून सूर खाली आणायचा आणि पुन्हा त्याच उंचीवर न्यायचा. प्रत्येक फेरीत हात अचूक त्याच जागी परतायला हवा. तो दर वेळी थोडा थोडा खाली राहिला तर लांब सूर हळूहळू घसरतो आणि सोलो भेसूर वाटतो, भले बोटं कितीही बरोबर फ्रेटवर असोत. बेंडवरचा व्हायब्रॅटो हीच रॉक वादकाची खरी कसोटी आहे असं मी मानतो.

वादक ओळखू येतो तो याच जागी. किंग यांचा व्हायब्रॅटो जलद आणि फडफडता. गिलमोरचा संथ आणि रुंद. अनेकदा तो बोटांऐवजी स्ट्रॅटोकास्टरच्या ब्रिजला जोडलेल्या दांडीने पूर्ण ब्रिजच हलवतो, त्यामुळे सूर वर आणि खाली दोन्हीकडे जातो. आणि तो लगेच सुरू करत नाही. सूर आधी सरळ उभा राहतो, कानात बसतो, मग हलायला लागतो. सूर लागल्याबरोबर थरथरायला लागला की घबराट वाटते. उशिरा हलला की तो सूर वादकाच्या मनात आधीपासून होता असं वाटतं.

वाक्यं जोडायची

आता साहित्य हातात आहे: पाच सूर, विसाव्याच्या जागा, बेंड आणि व्हायब्रॅटो. त्यातून दोन मिनिटांचा सोलो कसा उभा करायचा? गिलमोरने मुलाखतीत आपली पद्धत सांगितली आहे. त्याने या सोलोचे पाच-सहा प्रयत्न रेकॉर्ड केले, प्रत्येक वेळी मोकळेपणाने वाजवलं. मग ते ऐकत एक तक्ता केला. कुठल्या प्रयत्नातला कुठला तुकडा आवडला तिथे खूण, नाही आवडला तिथे फुली. त्या तक्त्याप्रमाणे मिक्सरवर एकेका ट्रॅकचा आवाज उघडत तुकड्यावरून तुकड्यावर उडी मारली आणि सलग सोलो तयार झाला.

यात लबाडी काही नाही. ही संपादनाची पद्धत आहे आणि तिने सोलोची बांधणी उघडी पडते. तुकडे जोडता येतात, कारण प्रत्येक तुकडा स्वतः पूर्ण आहे: त्याला सुरुवात आहे, विसावा आहे आणि त्यानंतर श्वासाची जागा आहे. गाणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, गिटार वाजवणाऱ्याला लागत नाही, म्हणून ती जागा मुद्दाम सोडावी लागते. त्या रिकाम्या जागेत ऐकणारा गेलेलं वाक्य मनात पुन्हा म्हणतो.

गोष्ट पुढे नेण्याचं काम उंचीकडे असतं. दुसरा सोलो मधल्या सप्तकात सुरू होतो, जिथे बोटं सातव्या फ्रेटच्या घरात असतात. कॉर्डचा फेरा पुन्हा पुन्हा येतो आणि सोलो टप्प्याटप्प्याने वर सरकतो. वरच्या जागा आधीच खर्च केल्या असत्या तर शेवटी चढायला जागा उरली नसती. घाईने वाजवलेले सोलो इथेच फसतात: पहिल्याच वाक्यात सर्वांत उंच सूर, सर्वांत जलद तुकडा, आणि मग पुढे फक्त त्याची पुनरावृत्ती.

हा सोलो शिकायचा म्हणून बरेच जण टॅब उघडतात. सहा रेघा, त्यांवर फ्रेटचे आकडे आणि बेंडसाठी वर वळलेला बाण. टॅबने बोट कुठे ठेवायचं ते कळतं. पण सूर किती वेळात वर चढला, वर किती थांबला, व्हायब्रॅटो कधी सुरू झाला आणि किती रुंद होता, यातलं बहुतेक कागदावर येत नाही. ते फक्त रेकॉर्डवर आहे. म्हणून माझा क्रम वेगळा आहे. आधी एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं आणि गळ्याने म्हणायचं, त्यातल्या चढासकट आणि थरथरीसकट. गळ्याला जमलं की मग गिटारवर ई दाबून तो एफ शार्पपर्यंत ताणायचा, आणि गळ्यातल्या सुराशी तो ताडून पाहायचा. हात कुठे कमी पडतोय हे तेव्हा लगेच कळतं, आणि पुढच्या वाक्याकडे जाण्याआधी तेवढंच दुरुस्त करायचं.